शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा

प्रश्न : आई रत्नागिरीला तूरडाळीचा कुकर लावते, तीन शिट्ट्यांत डाळ मेणासारखी शिजते. मी पुण्यात पाच-सहा शिट्ट्या करते तरी कणी राहते. कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या वर जातं म्हणतात, ते नेमकं कसं? आणि शिट्ट्या वाढवल्या की आतली उष्णता वाढते का?

उत्तर :

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नाही, शिट्ट्या वाढवल्या म्हणून आतली उष्णता वाढत नाही. कुकर नीट तापला की आत साधारण १२० अंश होतात आणि तिसऱ्या शिट्टीला जेवढे असतात तेवढेच दहाव्या शिट्टीलाही असतात. शिट्टी म्हणजे आतली जादा वाफ बाहेर पडली, एवढाच निरोप. त्यामुळे तुमच्या आईच्या तीन शिट्ट्या आणि तुमच्या सहा शिट्ट्या यांची तुलनाच होत नाही. आईचा गॅस बारीक असेल तर तिच्या तीन शिट्ट्यांत डाळ दहा-बारा मिनिटं १२० अंशांवर राहिलेली असते. तुमचा गॅस मोठा असेल तर सहा शिट्ट्या तीन-चार मिनिटांत उरकतात.

मी अन्नतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काम केलं. तिथे आम्ही एका जुन्या कुकरच्या झाकणाला दाबाचं घड्याळ आणि तापमान मोजणारी थर्मोकपलची तार बसवून घेतली होती. (हे घरी करू नका, झाकणाला भोक पाडलेला कुकर स्वयंपाकाला चालत नाही.) दरवर्षी नवीन मुलं आली की मी त्यांना त्या झाकणासमोर उभं करून गॅस मोठा करायला लावायची. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत, स्वयंपाकघर वाफेने भरून जाई आणि तापमानाचा आकडा मात्र ढिम्म हलत नसे. मुलांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास बघण्यासारखा असायचा.

आता पाणी १०० च्या वर जातं कसं ते पाहू. पाणी उकळतं म्हणजे त्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते टिकतात. बुडबुड्याला बाहेरून हवा दाबत असते. आतल्या वाफेचा जोर त्या दाबाइतका झाला तरच बुडबुडा तग धरतो, नाहीतर जन्मतःच चेपला जातो. समुद्रकाठी हवेचा जो दाब असतो, तेवढा जोर पाण्याच्या वाफेत १०० अंशांना येतो. म्हणून उघड्या पातेल्यात पाणी १०० ला उकळायला लागतं, आणि एकदा उकळायला लागलं की त्यापुढे कितीही आच द्या, ती सगळी वाफ करण्यात खर्ची पडते. पाणी १०० वरच अडकतं. वरणाला मोठ्या आचेवर रटरटत ठेवलं काय किंवा बारीक आचेवर बुडबुडत ठेवलं काय, डाळीला तापमान तेच मिळतं.

कुकरमध्ये झाकणाची रबरी रिंग वाफेची वाट अडवते. वाफ साठत जाते आणि साठलेली वाफ पाण्यालाच वरून दाबायला लागते. आता बुडबुड्याला हवा आणि वाफ अशा दोघांच्या दाबाला तोंड द्यायचं असतं, म्हणून १०० अंशांची वाफ पुरत नाही, पाणी आणखी तापावं लागतं. वाफेचा जोर दुप्पट व्हायला फक्त २० अंश जास्त लागतात, कारण तापमान वाढलं की हा जोर फार झपाट्याने वाढतो. म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच आणखी एक दाब आत वर चढवला की पाणी १२० ला उकळतं. तिप्पट दाब केला तर? जेमतेम १३ अंश आणखी मिळतात, आणि भांडं मात्र बरंच जाड करावं लागतं. घरगुती कुकर दुप्पट दाबाशी थांबतो त्याला हे एक कारण आहे. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असं बंद भांडं दाखवलं तेव्हा त्याचा हेतू हाडं मऊ करण्याचा होता, आणि भांडं फुटू नये म्हणून वजनाने दाबून धरलेली झडप हाही त्याचाच शोध. आपली शिट्टी त्याच झडपेची वंशज.

शिट्टीचं काम गणितात अगदी सरळ आहे. झाकणाच्या मधल्या नळीच्या तोंडावर एक वजन ठेवलेलं असतं. समजा नळीचं भोक ३ मिलिमीटरचं आहे. त्याचं क्षेत्रफळ येतं ०.०७ चौरस सेंटिमीटर. आपल्याकडचे घरगुती कुकर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो एवढ्या जादा दाबावर चालतात. मग एवढ्याशा भोकावर वाफ ७० ग्रॅमइतका जोर लावते, आणि शिट्टीचं वजन बरोबर ७० ग्रॅम असलं की दाब तिथे पोचताच ती उचलली जाते, वाफ सुटते, दाब किंचित उतरतो, शिट्टी परत बसते. तापमान ठरवणारी वस्तू ही आहे, गॅसचा बटण नव्हे. म्हणून शिट्टी हरवली तर शेजारणीची चालवून घेऊ नये. त्याच भोकावर ५० ग्रॅमची शिट्टी बसवली तर आत ११५ अंशच होतील, डाळ रेंगाळेल आणि तुम्ही डाळीला दोष द्याल. शिट्टी जड असेल तर प्रकरण याहून वाईट, कारण मग दाब ठरल्यापेक्षा वर जातो.

इथे पुणे आणि रत्नागिरी हा फरक येतो का? थोडासा येतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, तिथे हवा थोडी विरळ, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी ९८ ला उकळतं. कुकर बाहेरच्या हवेवर आपला ठरावीक दाब चढवतो, त्यामुळे रत्नागिरीत आत १२० तर पुण्यात ११९. एका अंशाने कणी राहत नाही. उंचीला दोष द्यायचा तर लेहला जावं लागेल. तिथे ३५०० मीटरवर पाणी ८८ लाच उकळतं, उघड्यावर डाळ शिजवायला बसलं तर दुपार होते. तिथल्या कुकरमध्ये मात्र ११४ पर्यंत मजल जाते, म्हणून डोंगराळ भागात कुकर आपल्यापेक्षाही जास्त कामाचा.

आता डाळीकडे येऊ, कारण २० अंशांनी एवढं काय बिघडतं, हा प्रश्न रास्त आहे. डाळीचा दाणा म्हणजे असंख्य पेशी, आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन. विटांच्या भिंतीतला चुना समजा. पेशींच्या आतलं पिठूळ द्रव्य फुगायला ७० अंशांच्या आसपास पुरे होतं, ते काम लवकर उरकतं. वेळ लागतो तो या चुन्याला. तो विरघळला की पेशी सुट्या होतात, आणि मगच डाळ डावाने घोटताच एकजीव होते. चुना सुटायच्या आधी डाळ खाल्ली तर दाणा फुगलेला असूनही दाताखाली कचकचतो, त्यालाच आपण कणी म्हणतो.

पेक्टिन सुटणं ही रासायनिक क्रिया आहे आणि तिचा वेग तापमानाबरोबर गुणाकाराने वाढतो. ढोबळमानाने दर १० अंशांना वेग दुप्पट धरा. म्हणजे २० अंशांना चौपट. न भिजवलेली तूरडाळ पातेल्यात ४० मिनिटं घेत असेल तर कुकरमध्ये १० मिनिटांत व्हायला हवी, आणि अनुभवही साधारण तसाच आहे. हाच हिशेब उलटा लावून पाहा : आत १२० ऐवजी ११० च असतील तर वेळ दुप्पट. पुरता तापलेला कुकर आणि पुरता न तापलेला कुकर यांत एवढं अंतर पडतं, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

आणि इथेच पहिली शिट्टी आपल्याला फसवते. कुकर लावताना तो रिकामा नसतो, त्यात हवा असते. शिट्टी सुरुवातीपासून नळीवर ठेवून दिली तर ती हवा आतच कोंडली जाते आणि तापून तिचा स्वतःचा दाब वाढतो. शिट्टी उचलायला हवा आणि वाफ यांच्या दाबाची बेरीज लागते. त्या बेरजेत हवेचा वाटा निम्म्याहून जास्त झाला, की वाफेने थोडाच हातभार लावायचा उरतो. तापमान मात्र फक्त वाफेच्या वाट्यावर ठरतं. गणित मांडलं तर पुण्यात पूर्ण घट्ट कुकरमध्ये हवा अजिबात न गळता पहिली शिट्टी झाली तर आत ९२-९३ अंशच असतात. म्हणजे उघड्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यापेक्षाही कमी! प्रत्यक्षात कडेने आणि नळीतून थोडी हवा निसटते, त्यामुळे आकडा थोडा वर सरकतो, पण १२० च्या जवळपासही जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शिट्टीबरोबर हवा हळूहळू बाहेर ढकलली जाते आणि मग आकडा चढतो. आमच्या झाकणावर हे दरवेळी दिसायचं. दाबाचं घड्याळ ठरल्या जागी पोचलेलं असायचं, पण थर्मोकपल मागेच रेंगाळत असायचं.

उपाय जुन्या बायकांना ठाऊक होता आणि कुकरबरोबरच्या छापील माहितीतही असायचा. शिट्टी आधी ठेवायची नाही. नळीतून वाफ यायला लागली की लगेचही नाही. आधी जी येते ती मऊ, भुरभुरती वाफ हवेत मिसळलेली असते. थोड्या वेळाने धार सरळ होते, सुईसारखी सूं असा आवाज करते, आणि नीट पाहिलंत तर नळीच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जागा पारदर्शक दिसते, पांढरेपणा त्याच्या वर सुरू होतो. ती पारदर्शक जागा म्हणजे खरी वाफ. पांढरं दिसतं ते वाफेचं गार होऊन झालेलं पाण्याचं बारीक तुषार. ही धार अर्धा-एक मिनिट वाहू द्यायची आणि मग शिट्टी ठेवायची, चिमट्याने किंवा फडक्याने धरून. तुमच्या कुकरची शिट्टी झाकणालाच कायमची जोडलेली असेल तर हे जमत नाही, मग पहिल्या दोन शिट्ट्या हिशेबात धरू नका.

पण तुमचा खरा घोटाळा मला वेगळ्या ठिकाणी वाटतो. तुम्ही डाळ थेट कुकरमध्ये शिजवता की डब्यात, हे लिहिलं नाही. पुण्यात नोकरी सांभाळून राहणारी मुलगी म्हणजे बहुधा खाली डाळ, वर भात, असे दोन डबे. डब्यातल्या डाळीला आच थेट मिळत नाही. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी असतं, त्याची वाफ होते, ती गार डब्यावर येऊन पुन्हा पाणी होते आणि आपली उष्णता डब्याला देऊन टाकते. म्हणजे डबा तापवायला जेवढी उष्णता लागेल तेवढी वाफ आधी तयार व्हायला हवी.

एका वाटीचा हिशेब पाहू. १ वाटी डाळ म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास, त्यात अडीच वाट्या, म्हणजे सुमारे ६०० मिलिलिटर पाणी. हे सगळं २५ अंशांवरून १२० ला न्यायला सुमारे २७० किलोज्यूल लागतात. वरच्या भाताच्या डब्याचेही साधारण तेवढेच. घरच्या गॅसची मध्यम-मोठी आच भांड्याला सेकंदाला १ किलोज्यूलच्या आसपास देते, बाकी कडेने उडून जाते. म्हणजे डबेच तापायला नऊ मिनिटं हवीत, कुकर आणि खालचं पाणी तापायचे वेगळे. आता पहिली शिट्टी झाली आणि तुम्ही गॅस एकदम बारीक केलात तर? डबे अजून भुकेले असतात. ते वाफ शोषत राहतात, आतला दाब उतरतो, शिट्टी गप्प होते, आणि पाच मिनिटं वाट पाहून तुम्ही पुन्हा गॅस मोठा करता. मोठ्या आचेवर धडाधड शिट्ट्या होतात, पण डब्याच्या मधोमध तळाशी बसलेला डाळीचा गोळा अजून १०० च्या खालीच असतो, कारण दाट डाळीतून उष्णता आत झिरपायला वेळ लागतो. झाकण उघडलं की वरचे दाणे मऊ आणि मधले कचकचीत, ही त्याचीच खूण. डाळ थेट कुकरमध्ये शिजवणाऱ्या बाईला हा त्रास नाही. त्यामुळे आईची डाळ थेट आणि तुमची डब्यात असेल, तर तीन आणि सहा या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंधच उरत नाही.

तर मी स्वतः डब्यातला कुकर कसा लावते ते सांगते. डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत घालते. भिजल्याने पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत आधीच पोचतं, पाण्याशिवाय पेक्टिन सुटत नाही. डाळीला हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब. तेल चवीपेक्षा फेस आवरायला. डाळीचा फेस नळीत गेला तर नळी चोंदते. डाळ थेट शिजवायची असेल तर पाण्यासकट कुकर निम्म्याच्या वर भरत नाही. डब्यात वर दोन बोटं जागा ठेवते. तळाला ४०० मिलिलिटर पाणी, ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडू नये म्हणून त्यात लिंबाची एक पिळलेली फोड. चिंचेचं बुटुक टाकलं तरी चालतं, पण तळाच्या पाण्यात. आंबट डाळीत गेलं तर पेक्टिन अडून बसतं आणि डाळ शिजायला नकार देते. आमसूल, टोमॅटो, चिंच सगळं डाळ शिजल्यावर.

शिट्टीशिवाय मोठ्या गॅसवर ठेवते. वाफेची सरळ धार यायला आठ-दहा मिनिटं जातात, त्या वेळात डब्यांची बरीचशी भूक भागते. मग शिट्टी. पहिली झाली की गॅस तसाच, दुसरी झाली की मध्यम, तिसरीनंतर बारीक आणि तिथून घड्याळ सुरू. भिजवलेल्या तूरडाळीला १० मिनिटं, न भिजवलेलीला १४-१५, हरभरा डाळीला त्याहून थोडा जास्त वेळ. या काळात शिट्टी दोन-तीन मिनिटांनी एकदा झाली तर आच बरोबर आहे. मधे शिट्टी नुसती फुसफुसत राहिली तरी हरकत नाही. पाच मिनिटांत एकही झाली नाही आणि फुसफुसही नाही, तर आच कमी पडते. एका मिनिटात दोन-तीन झाल्या तर तुम्ही नुसतंच पाणी उडवताय. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत पाव लिटरहून जास्त पाणी शिट्टीतून जाऊ शकतं.

हे पाणी संपलं तर काय होतं ते मी एकदा स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलं आहे. फोनवर बोलत डबे ठेवले, तळाला पाणीच घातलं नव्हतं. शिट्टी झाली नाही, धातू तापल्याचा कडू वास आला आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह फट् करून उडाला. त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. शिट्टीची वाट बंद झाली किंवा भांडं कोरडं पडून तापलं की तो वितळतो आणि वाट मोकळी करतो. तो पुन्हा विकत घ्यायचा, त्याच कंपनीचा. भोकात काहीतरी कोंबून किंवा डाग देऊन वेळ मारून नेणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका.

शिट्टी होतच नाही आणि झाकणाच्या कडेने वाफ येते, तर रिंग सैल किंवा कडक झाली आहे. गार पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये ठेवून रिंग दोन-चार दिवस तगते, तो तात्पुरता इलाज. नवीन घ्या. दर वेळी झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतं का हेही बघायचं. डाळीचं एक साल तिथे अडकायला पुरतं.

एवढं सगळं नीट करूनही कणी राहिली, तर कुकर सोडा आणि डाळीकडे व पाण्याकडे बघा. डाळ वर्षभर दमट-उष्ण जागी साठवलेली असेल तर तिच्यात एक बदल झालेला असतो. दाण्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते ताज्या डाळीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं. जुन्या डाळीत ते मोडतं, सुटलेलं कॅल्शियम पेक्टिनला जाऊन चिकटतं आणि आपल्या भिंतीतला चुना सिमेंटसारखा पक्का होतो. अशी डाळ फुगते पण सुटत नाही. बोअरच्या जड पाण्याने हेच होतं, फक्त कॅल्शियम बाहेरून येतं. पुण्याच्या बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं, आणि महापालिकेचं गोडं पाणी असताना त्याच घरात डाळ छान शिजलेली असते.

यातलं कोणतं कारण तुमचं, हे ओळखायला एक साधा प्रयोग करा. तीन छोट्या वाट्या घ्या. पहिलीत तुमची डाळ आणि नळाचं पाणी, दुसरीत तुमचीच डाळ आणि पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी, तिसरीत शेजारणीची नवी डाळ आणि नळाचं पाणी. डाळ प्रत्येकीत दोन चमचे, पाणी सारखंच. तिन्ही एकाच कुकरमध्ये, एकाच वेळी. तिघींना तापमान आणि वेळ सारखाच मिळाला, त्यामुळे फरक पडला तर तो कुकरचा नाही. तपासायला दाणा चिमटीत धरून दाबायचा. शिजलेला दाणा लोण्यासारखा पसरतो. अर्धा शिजलेला दोन-तीन तुकड्यांत फुटतो आणि मधे पांढरट टिकली दिसते. फक्त दुसरी वाटी शिजली तर पाणी दोषी, फक्त तिसरी शिजली तर डाळ जुनी. तिन्ही कच्च्या राहिल्या तर मात्र पुन्हा शिट्टी, रिंग आणि घड्याळ. जुन्या डाळीला चिमूटभर खायचा सोडा घातला तर पेक्टिन लवकर सुटतं, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व जातं आणि जास्त झाला तर साबणाची चव येते. मी तो फक्त डाळ फेकून देण्याची वेळ आली तरच घालते.

शेवटी कुकर उतरवल्यावरची गोष्ट, कारण घाईत डाळ इथेही बिघडते. गॅस बंद केला तेव्हा आतलं पाणी १२० वर असतं, पण शांत असतं, ते रटरटत नसतं. त्याला दाबाने धरून ठेवलेलं असतं. तुम्ही शिट्टी उचलून वाफ काढलीत किंवा झाकणावर गार पाणी ओतलंत की दाब एकदम उतरतो, आणि १२० अंशांचं पाणी उघड्या पातेल्याच्या नियमात येऊन पडतं. तिथे त्याला १०० च्या वर राहायची परवानगीच नाही. जादा उष्णता वाफ होऊन बाहेर पडते : दर लिटरमागे ३५-४० ग्रॅम पाणी क्षणात वाफ होतं, आणि त्या वाफेचं आकारमान ६० लिटरच्या आसपास असतं. ही वाफ डाळीच्या प्रत्येक थेंबातून एकाच वेळी निघते. मग पिवळी कारंजी शिट्टीतून छताला लागतात, डब्यातली डाळ उतू जाऊन तळाच्या पाण्यात मिसळते, आणि तुमची निम्मी डाळ लिंबाच्या फोडीबरोबर खाली सापडते.

आणि डाळीचं नुकसान त्याहून जास्त. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरायला १२-१५ मिनिटं लागतात, त्यातली पहिली काही मिनिटं आत ११० च्या वरच असतात. हा फुकटचा शिजण्याचा वेळ आहे, आणि वर दिलेली १० मिनिटं तो धरूनच सांगितली आहेत. वाफ पूर्ण जिरली की शिट्टी हलवल्यावर फुस्स होत नाही आणि झाकण स्वतःहून सैल होतं. उघडल्यावर डब्यात वर पिवळसर पाणी आणि खाली बसलेली डाळ दिसेल, ते पाणी ओतून टाकू नका. डाळ गरम असतानाच त्या पाण्यासकट डावाने घोटा, गार झाली की तिचे गोळे सुटत नाहीत.